टप्प्याटप्प्याने घर बांधताना पैशांची मांडणी: सांगाडा, फिनिशिंग आणि राखीव रक्कम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आजही बहुतेक कुटुंबे स्वतःच्या जागेवर, स्वतः गवंडी लावून आणि माल स्वतः आणून घर बांधतात. अशा घराचा स्लॅब पडेपर्यंत काम जोरात चालते आणि त्यानंतर ते रेंगाळते, हे दृश्य आपल्याकडे अनेक गल्ल्यांत दिसते. गिलाव्यावाचून उघड्या राहिलेल्या भिंती, दारांऐवजी लावलेले पत्रे आणि गच्चीवर गंजत चाललेल्या सळया पाहिल्या की पैसे कमी पडले हे कळते, पण ते नेमके कोठे कमी पडले हे कळत नाही. बहुतेक वेळा त्याचे मूळ पायाच्या टप्प्यात असते. तेथे झालेला जास्तीचा खर्च एकूण रकमेतून निमूटपणे भागवला जातो आणि त्याची झळ वर्षभराने फरशी व दारे घेताना लागते. प्रत्येक टप्प्याला त्याची रक्कम आणि त्याची स्वतंत्र राखीव रक्कम आधीच बांधून दिली, तर ही झळ पायाच्याच दिवशी दिसते आणि तेव्हा ती सोसण्याचे मार्ग हाताशी असतात. ही मांडणी कशी करावी, ते एका तळमजल्याच्या घराचा हिशेब शेवटपर्यंत करून येथे दाखवले आहे.

हिशेबातील दर समजून घेण्यापुरते धरलेले आहेत. आपल्या गावात त्या महिन्यात चालू असलेले दर दोन-तीन ठिकाणी विचारून तेथे बसवावेत.

पहिली पायरी: थैलीपासून क्षेत्रफळाकडे यावे

सर्वसाधारण रीत अशी असते की आधी नकाशा काढला जातो, मग त्याच्या क्षेत्रफळाला चौरस फुटाच्या दराने गुणले जाते आणि जी रक्कम येईल ती जमवण्याच्या मागे घर लागते. या रीतीत राखीव रकमेला जागाच उरत नाही. त्याऐवजी आपल्याकडे स्वतःचे आणि कर्जाचे मिळून एकूण किती पैसे नक्की उभे राहतील, तेथून सुरुवात करावी.

समजा, एका कुटुंबाकडे ३० बाय ४० फुटांची जागा आहे, स्वतःची बचत ८ लाख रुपये आहे आणि बँकेचे १८ लाखांचे कर्ज मंजूर होणार आहे. म्हणजे एकूण थैली २६ लाखांची झाली. या रकमेतून सर्वांत आधी चौरस फुटाच्या दरात न येणारे खर्च बाजूला काढावे लागतात. नकाशा, इंजिनिअरची फी आणि बांधकाम परवानगी यांसाठी ७०,००० रुपये, तात्पुरती वीज आणि नंतरचे कायम मीटर यांसाठी ४०,०००, बोअर, जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी मिळून १,६०,०००, सेप्टिक टँक ६०,०००, कंपाउंड व गेट १,५०,०००, आणि कर्जाचे शुल्क व बांधकाम काळातील व्याज यांसाठी ७०,००० रुपये धरले, तर ही बेरीज ५,५०,००० रुपये होते. मेस्त्री जेव्हा “चौरस फुटाला दोन हजारांत घर होईल” असे म्हणतात, तेव्हा यांतील एकही गोष्ट त्यात धरलेली नसते. नवख्या माणसाचा पहिला मोठा गैरसमज येथेच होतो.

परवानगीच्या खर्चाबरोबर कागदपत्रांचाही विचार याच वेळी करावा. शहराच्या हद्दीत ई-खाता आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे फॉर्म ९ व ११ नावावर असल्याशिवाय बँक पुढे जात नाही. हे कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून जागेची मापे, चतुःसीमा आणि नावे जाणकाराकडून वाचून घेऊन खरेदीखताशी ताडून पाहावीत. मापात तफावत निघाली तर परवानगी लांबते, आणि लांबलेल्या परवानगीमुळे पायाचे काम पावसाळ्यात सापडते.

आता २६,००,००० मधून ५,५०,००० वजा केले की २०,५०,००० रुपये उरतात. यातूनच बांधकाम आणि राखीव रक्कम दोन्ही भागवायचे आहे. बांधकामाच्या खर्चाच्या साधारण १४ टक्के राखीव ठेवायचे ठरवले, तर बांधकामाला १८,००,००० आणि राखीवला २,५०,००० रुपये मिळतात. चौरस फुटाला २,००० रुपये दर धरल्यास १८ लाखांत ९०० चौरस फूट बसतात. या कुटुंबाच्या मनात १,१०० चौरस फुटांचे घर असेल, तर २०० चौरस फूट आत्ताच, कागदावर असतानाच सोडावे लागतील. एखादी खोली कागदावरून पुसणे जड जाते, हे खरे आहे. तरीही ती खोली पुढे वाढवता येईल अशा बेताने कॉलमची जागा इंजिनिअरकडून ठरवून घेता येते, आणि अर्धवट राहिलेल्या १,१०० फुटांपेक्षा राहता येईल असे ९०० फूट केव्हाही बरे.

राखीव रक्कम १० टक्के ठेवावी की १५ टक्के, हे जागेवर अवलंबून आहे. खानापूरच्या बाजूला जेथे थोड्या खोलीवर जांभा किंवा घट्ट मुरूम लागतो आणि शेजारच्या घरांचे पाये पाहून खोलीचा अंदाज येतो, तेथे १० टक्के पुरू शकतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडील काळ्या मातीत, उतारावरच्या जागेत, किंवा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या गावांत १४-१५ टक्क्यांच्या खाली येऊ नये. २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठी अनेक जण जोते उंच घेऊ लागले आहेत, आणि जोत्याच्या प्रत्येक जादा फुटाबरोबर भराव व बाहेरची भिंत दोन्ही वाढतात.

दुसरी पायरी: सांगाडा आणि फिनिशिंग यांची विभागणी

आरसीसी सांगाड्याच्या साध्या घरात एकूण बांधकाम खर्चाचा निम्मा किंवा थोडा अधिक भाग सांगाड्यात आणि बाकीचा फिनिशिंगमध्ये जातो. केवळ तळमजला असेल तर पाया आणि गच्ची यांचा सगळा भार एकाच मजल्यावर पडतो, त्यामुळे सांगाड्याचा वाटा थोडा वर सरकतो. वर दुसरा मजला घेतला तर पायाचा खर्च दोन मजल्यांत विभागला जातो. फिनिशिंगमध्ये सागवानी चौकटी, ग्रॅनाइट आणि मॉड्युलर स्वयंपाकघर आले की हाच वाटा उलट्या दिशेने झुकतो. आपल्या १८ लाखांची विभागणी पुढीलप्रमाणे धरू.

| टप्पा | वाटा | रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| १. खोदाई, फुटिंग, प्लिंथ बीम, भराव | १६% | २,८८,००० |
| २. कॉलम, भिंती, लिंटल | १७% | ३,०६,००० |
| ३. बीम, स्लॅब, जिना, पॅरापेट | १९% | ३,४२,००० |
| सांगाडा एकूण | ५२% | ९,३६,००० |
| ४. भिंतीतील पाइप, आत-बाहेर गिलावा | १५% | २,७०,००० |
| ५. दारे, खिडक्या, ग्रिल | ११% | १,९८,००० |
| ६. फरशी, टाइल्स, ओटा, बाथरूम | १२% | २,१६,००० |
| ७. वायरिंग, नळ, फिटिंग, रंग | १०% | १,८०,००० |
| फिनिशिंग एकूण | ४८% | ८,६४,००० |

ही टक्केवारी प्रत्येक घराला जशीच्या तशी लागू होणार नाही. आपल्या इंजिनिअरकडून टप्पानिहाय अंदाजपत्रक घेऊन ते या वाट्यांशी ताडून पाहावे. एखादा टप्पा येथल्यापेक्षा तीन-चार टक्क्यांनी वेगळा निघाला तर त्याचे कारण विचारावे. कारण समाधानकारक असेल, तर आपल्या घरासाठी तोच आकडा खरा मानावा.

ठेकेदाराला काम देताना चौरस फुटाचा दर कशावर मोजणार, हे लिहून घेणे या विभागणीइतकेच महत्त्वाचे आहे. स्लॅबच्या क्षेत्रफळावर मोजमाप होणार असेल तर पोर्च, छज्जे, जिन्यावरची खोली, पॅरापेट आणि जमिनीखालची टाकी त्यात आहेत की वेगळ्या, हे एकेक करून विचारावे. मजुरीच्या दराने काम दिले असेल, तर सेंटरिंगचे साहित्य कोणाचे, हाही प्रश्न विसरू नये.

माल योग्य प्रमाणात लागतो आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन ढोबळ आकडे जवळ ठेवावेत. अशा घराला चौरस फुटामागे साधारण ४ किलो सळई आणि ०.४ ते ०.४५ पोती सिमेंट लागते. म्हणजे ९०० चौरस फुटांना जवळपास ३,६०० किलो सळई आणि ३६० ते ४०५ पोती सिमेंट होईल. अंदाजपत्रकातील आकडा यापासून फार दूर असेल, तर तो कोणत्या भागात आणि का वाढला, हे इंजिनिअरने दाखवून दिले पाहिजे.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट उघड होते. लोकांना सळई महागण्याची मोठी धास्ती असते. पण सळई किलोमागे ५ रुपयांनी महागली, तरी या घराचा खर्च ३,६०० गुणिले ५, म्हणजे १८,००० रुपयांनीच वाढतो. पाया अपेक्षेपेक्षा खोल गेला किंवा चालू कामात बेत बदलले, तर वाढ याच्या कित्येक पट होते. म्हणून राखीव रकमेचा मोठा भाग भाववाढीसाठी न ठेवता जमिनीखालच्या अनिश्चिततेसाठी ठेवला पाहिजे.

तिसरी पायरी: राखीव रक्कम टप्प्यांत वाटावी

२,५०,००० रुपये एका खात्यात एकगठ्ठा ठेवले, तर ते कोणत्या कामासाठी आहेत याचे भान पहिल्या दोन महिन्यांत सुटते. म्हणून ते पुढीलप्रमाणे वाटून टाकावेत: पायाला ८०,०००, भिंतींच्या टप्प्याला ३०,०००, स्लॅबच्या टप्प्याला ४०,०००, संपूर्ण फिनिशिंगला ७०,०००, आणि उरलेले ३०,००० कुलूपबंद. पायाची मूळ रक्कम २,८८,००० असताना तिच्या चौथ्या भागाहून अधिक राखीव ठेवणे जास्त वाटेल; परंतु जमीन उकरेपर्यंत खाली काय आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि बाकी सर्व टप्प्यांत दिसते.

या रकमेला तीन नियम लावावेत. राखीव रक्कम अडचणीसाठी वापरावी, आवडीसाठी वापरू नये. टाइल्स अधिक चांगल्या घ्याव्याशा वाटल्या तर त्या फरशीच्या टप्प्यातच दुसरे काही कमी करून घ्याव्यात. एखाद्या टप्प्यात राखीव रक्कम शिल्लक राहिली, तर ती पुढच्या टप्प्याच्या राखीवात जमा करावी. आणि एखाद्या टप्प्यात राखीव रक्कम पुरली नाही, तर पुढील टप्प्यातील कोणती गोष्ट कमी करून तूट भरणार, हे त्याच आठवड्यात घरच्यांनी बसून ठरवावे व वहीत लिहावे. तिसरा नियम पाळला नाही, तर पहिल्या दोघांचा उपयोग होत नाही.

चौथी पायरी: पावसाचे वेळापत्रक आणि थांबण्याच्या जागा

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो आणि पश्चिमेला खानापूरकडे तो फारच जोरदार असतो. म्हणून नकाशा, परवानगी आणि कर्जाची कामे पावसाळ्यात उरकावीत, दसऱ्यानंतर खोदाई सुरू करावी, आणि काळ्या मातीत जमीन पुरती वाळून तिला भेगा पडेपर्यंत थांबावे. डिसेंबर संपेपर्यंत प्लिंथ, मार्चपर्यंत स्लॅब आणि मेअखेर बाहेरचा गिलावा झाला, तर आतली फरशी, वायरिंग आणि फिटिंग पावसाळ्यात करता येतात. बाहेरचा रंग मात्र भिंती कोरड्या झाल्यावर, पाऊस सरल्यानंतरच द्यावा.

पैसे खुंटले तर काम कोठे थांबवले असता नुकसान होत नाही, हे आधी माहीत असावे. पहिली अशी जागा म्हणजे प्लिंथ बीम आणि भराव पूर्ण झालेले जोते. तेथे वर आलेल्या कॉलमच्या सळयांना सिमेंटचा घट्ट घोळ लावून ठेवला आणि जोत्याभोवती पाणी साचू दिले नाही, तर एक पावसाळा काढता येतो. दुसरी जागा म्हणजे स्लॅब, पॅरापेट, गच्चीचा उतार आणि पाणी जायचे पाइप पूर्ण झालेले घर. जोत्याच्या आधी किंवा या दोहोंच्या मध्ये थांबणे महागात पडते. फुटिंगचे खड्डे उघडे असताना पाऊस आला तर काळी माती फुगते, कडा ढासळतात आणि खड्डे पुन्हा साफ करून खोल करावे लागतात. लिंटलपर्यंत आलेल्या, वरून मोकळ्या भिंतींत पाणी मुरते आणि पुढे आतल्या गिलाव्यावर लोणा फुटतो. म्हणून दुसरा टप्पा सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचे पैसे त्यांच्या राखीव रकमेसह, म्हणजे ६,४८,००० अधिक ७०,००० असे ७,१८,००० रुपये, हाती आहेत किंवा बँकेकडून नक्की येणार आहेत, याची खात्री करावी. ती नसेल तर जोत्यावरच थांबणे शहाणपणाचे.

पाचवी पायरी: बँकेचा हप्ता आणि हातातील रोख

गृहकर्जाची रक्कम एकदम मिळत नाही. आधी स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, मग काम एका टप्प्यापर्यंत आले की बँकेचा इंजिनिअर पाहणी करतो आणि झालेल्या कामाच्या प्रमाणात हप्ता सुटतो. म्हणजे बँकेचे पैसे कामाच्या मागून येतात, आणि पायाची अडचण नेमकी त्याआधी येते.

आपल्या उदाहरणात स्वतःचे ८ लाख आहेत. दरात न येणारे ५,५०,००० आणि पहिल्या टप्प्याचे २,८८,००० सुरुवातीलाच खर्च केले, तर ८,३८,००० होतात. म्हणजे बचत संपते, आणि पायासाठी राखलेले ८०,००० रुपये कागदावरच राहतात. म्हणून पहिल्या खर्चांची क्रमवारी बदलावी लागते. कंपाउंड, सेप्टिक टँक आणि कायम मीटर शेवटाकडे ढकलावेत. सुरुवातीला परवानगीचे ७०,०००, तात्पुरत्या विजेचे १५,०००, पाण्याच्या सोयीचे १,६०,००० आणि कर्जाच्या शुल्काचे ३०,००० असे २,७५,००० रुपयेच खर्च करावेत. पाण्याची सोय मात्र पुढे ढकलू नये, कारण मार्च-एप्रिलच्या उन्हात स्लॅबवर आळे करून पाणी साठवावे लागते आणि ते टँकरने आणायचे झाले तर तो खर्च वेगळा उभा राहतो. २,७५,००० मध्ये पायाचे २,८८,००० आणि त्याची राखीव ८०,००० मिळवली की ६,४३,००० होतात. १,५७,००० रुपये हातात राहतात आणि बँकेचा पहिला हप्ता येईपर्यंत भिंतींचे काम त्यांवर चालते.

कंपाउंड मागे ठेवण्याचा एक तोटा आहे. जागा मोकळी असल्याने सळई आणि सिमेंट राखणे अवघड जाते. त्यासाठी पत्र्याची एक शेड आणि आठवड्यापुरताच माल आणण्याची शिस्त एवढे पुरेसे होते.

सहावी पायरी: पाया उघडा करून पाहणे

पायाची रक्कम पक्की करण्यापूर्वी जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत सहा-सात फुटांचे दोन परीक्षण-खड्डे घ्यावेत. खर्च थोडा असतो आणि त्यातून मिळणारी माहिती मोठी असते. काळी माती किती फूट आहे, मुरूम कोठे लागतो, पाणी झिरपते का आणि दोन्ही खड्ड्यांत फरक आहे का, हे इंजिनिअरला दाखवावे. एका कोपऱ्यात तीन फुटांवर मुरूम आणि दुसऱ्यात सहा फुटांवर, असे निघाले तर जागा पूर्वी भरावाने सपाट केलेली असण्याची शक्यता असते. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या दिसल्या आणि त्या उन्हाळ्यात रुंद व पावसाळ्यात बारीक होत असल्याचे शेजारी सांगत असतील, तर खालची माती फुगणारी आहे असे समजावे आणि माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.

आपल्या उदाहरणातील जागेत अंदाजापेक्षा दोन फूट अधिक काळी माती लागली, असे धरू. ती काढून तेवढाच मुरूम भरायचा, तर ९०० चौरस फूट गुणिले २ फूट, म्हणजे १,८०० घनफूट, अर्थात १८ ब्रास जागा भरावी लागते. मुरूम पाणी मारून आणि थरांथरांत धुमसून दाबला की बसतो, म्हणून पाव भाग जास्त धरून सुमारे २३ ब्रास मुरूम लागेल. जागेवर पोहोच १,५०० रुपये ब्रास धरल्यास त्याचे ३४,५०० रुपये होतात. माती काढून वाहून नेण्याचे १८,००० आणि खोल झालेल्या कॉलम व मोठ्या फुटिंगसाठी लागणाऱ्या जादा काँक्रीट-सळईचे ३८,००० धरले, तर एकूण वाढ ९०,५०० रुपयांची होते. पायाची राखीव रक्कम ८०,००० होती, त्यामुळे १०,५०० रुपये कमी पडले.

येथे तिसरा नियम कामाला येतो. घरात सुमारे ७५० चौरस फूट फरशी बसणार आहे. तिचा दर चौरस फुटाला ७० ऐवजी ५५ रुपयांचा ठरवला, की ११,२५० रुपये वाचतात आणि तूट भरून निघते. हा निर्णय डिसेंबरमध्ये झाला, म्हणून तो १५ रुपयांच्या फरकावर निभावला. हीच तूट लक्षात न घेता पुढे गेले असते, तर ती शेवटी दारांवर किंवा वायरिंगवर पडली असती.

मुरूम धुमसण्यात मात्र कसर करू नये. सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी देऊन दाबलेला भराव पुढे बसत नाही. एका दिवसात ट्रॅक्टरने ओतून सपाट केलेला भराव पहिल्या-दुसऱ्या वर्षी खचतो आणि वरची फरशी पोकळ वाजू लागते.

सातवी पायरी: स्लॅबनंतरचा ताळेबंद

भिंतींच्या टप्प्यात या कुटुंबाने स्वयंपाकघराची खिडकी हलवली आणि १२,००० रुपये राखीवातून गेले. ही अडचण नव्हती, आवड होती, म्हणून पहिल्या नियमाने ती रक्कम याच टप्प्यात दुसरीकडे वाचवायला हवी होती. पण बांधकाम चालू असताना असे एखादे बदल होतातच, आणि ते वहीत नोंदले गेले तर निदान लपत नाहीत. उरलेले १८,००० पुढे गेले. स्लॅबच्या टप्प्यात सळईची भाववाढ आणि थोडे जादा काँक्रीट यांत २५,००० गेले आणि मागून आलेले १८,००० धरून ३३,००० उरले.

स्लॅबचे सेंटरिंग काढल्यानंतर, गिलाव्याचा माल आणण्यापूर्वी, पूर्ण हिशेब करावा. आतापर्यंत बांधकामावर ९,३६,००० अधिक ९०,५००, १२,००० आणि २५,०००, म्हणजे १०,६३,५०० रुपये खर्च झाले. हे १८ लाखांच्या ५९ टक्के आहेत, जेथे ५२ टक्के अपेक्षित होते. राखीव रक्कम नसती तर फिनिशिंगला त्याच्या ४८ टक्क्यांऐवजी ४१ टक्केच उरले असते. आता २०,५०,००० मधून ही रक्कम वजा केल्यावर ९,८६,५०० उरतात. कमी केलेल्या फरशीसह फिनिशिंगला ८,५२,७५० लागणार आहेत, म्हणून १,३३,७५० रुपये राखीव आहेत. यांतील ३०,००० कुलूपबंद ठेवले की फिनिशिंगसाठी १,०३,७५० रुपयांची उशी राहते, आणि ती त्या खर्चाच्या १२ टक्क्यांच्या आसपास येते. एवढी उशी असेल तर पुढे जावे. ती पाच टक्क्यांच्या खाली आली असेल, तर फिनिशिंगचे काम दोन भागांत करावे.

आठवी पायरी: फिनिशिंगमध्ये काय थांबू शकते

फिनिशिंगमधील कामे दोन प्रकारची असतात. काही कामे भिंतीत आणि फरशीखाली गाडली जातात: पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप, वायरिंगच्या नळ्या, अर्थिंग, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग. ही कामे पूर्ण आणि चांगल्या मालाचीच करावीत, कारण ती पुन्हा करायची म्हणजे टाइल्स फोडाव्या लागतात. गिलावा करण्यापूर्वी पाइपमध्ये दाबाने पाणी भरून एक दिवस ठेवावे आणि दाब उतरतो का ते पाहावे. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर तेथेही पाणी साठवून खालच्या बाजूला ओल येते का, हे तपासावे.

दुसरी कामे वर दिसणारी असतात आणि पुढे ढकलता येतात. आतल्या खोल्यांची दारे साधी फ्लश घेता येतात, कपाटे नंतर करता येतात, ओट्याला ग्रॅनाइटऐवजी कडाप्पा चालतो, आतून एक हात रंग देऊन दुसरा पुढच्या वर्षी देता येतो. बाहेरचा गिलावा, बाहेरची दारे-खिडक्या आणि एक पूर्ण बाथरूम मात्र या यादीत कधीही घालू नयेत. घरात राहायला जाण्यासाठी लागणाऱ्या किमान गोष्टी त्याच आहेत, आणि राहायला गेले की भाडे वाचते.

टाइल्स, नळ, स्विच आणि दारे यांचे दर गिलाव्याआधीच ठरवून लिहून ठेवावेत. दुकानात गेल्यावर ठरवायचे म्हटले की प्रत्येक वस्तूवर थोडे थोडे वाढत जाते. यांपैकी कोणतीही वाढ एकटी मोठी नसते, म्हणून ती वहीत नोंदलीही जात नाही, आणि ७०,००० रुपयांची राखीव रक्कम अशा वीस-पंचवीस खरेद्यांत संपते. गवंडी, प्लंबर व वायरमन यांना कामाच्या पुढे उचल देऊ नये, आणि प्रत्येकाच्या बिलातील पाच टक्के काम पूर्ण होऊन तपासले जाईपर्यंत मागे ठेवण्याचे आधीच बोलून ठेवावे. वाढीव काम कोणतेही असो, दर ठरल्याशिवाय आणि वहीत दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ते सुरू होऊ देऊ नये.

कुलूपबंद ठेवलेल्या ३०,००० रुपयांना वास्तुशांतीच्या खर्चातही हात लावू नये. ते नव्या घरावरून पहिला पूर्ण पावसाळा जाईपर्यंत ठेवायचे असतात. त्या पावसाळ्यात पॅरापेटच्या मुळाशी ओल दिसते, खिडकीच्या कठड्यावरून पाणी आत येते, बाहेरच्या गिलाव्यावर बारीक भेगा उमटतात, आणि जोत्याभोवतीची माती खचून पाणी पायाकडे वळते. प्रत्येक डागाची जागा आणि तारीख लिहून ठेवावी. ऑक्टोबरमध्ये भिंती वाळल्यावर, बाहेरचा रंग देण्याआधी, या पैशांतून ती कामे करून घ्यावीत. जोत्याभोवती दोन-अडीच फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली कोब्याची पट्टी राहून गेली असेल, तर सर्वांत आधी ती करावी, कारण काळ्या मातीत पायाजवळ मुरणारे पाणी अडवण्याचा तोच स्वस्त उपाय आहे.